हंगाम संपल्यावरची बैठक : शालेय कबड्डी संघासाठी एक नमुना

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेतून परत आला की दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात त्याच्यावर चर्चा सुरू होते. दुकानाच्या फळीवर होते, नमाजनंतर मस्जिदीच्या बाहेर होते, घरी जेवताना होते. चर्चा व्हायलाच हवी. पण ती बहुधा एका चढाईवर आणि एका मुलावर येऊन थांबते. गेल्या हंगामात आमचा सतरा वर्षांखालील मुलांचा कबड्डी संघ जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात हरला. शेवटच्या मिनिटात आमचा मुख्य चढाईपटू पकडला गेला आणि त्यानंतर दोन आठवडे सगळ्या गावात एकच निकाल ऐकू येत होता : "त्याने घालवले." त्याच्या वडिलांनी तर मुलाला खेळातून काढायचे ठरवले होते. त्या वेळी घेतलेल्या बैठकीबद्दल मी आज आपणांस सांगणार आहे. ती कशी घ्यावी, कोणत्या क्रमाने घ्यावी आणि तिच्यातून काय हाती लागते, हे आपण पाहू. उद्या तुम्ही पालक म्हणून किंवा खेळाडू म्हणून अशा बैठकीला बसाल, तेव्हा हा नमुना तुमच्या उपयोगी पडेल.

प्रथम वेळेविषयी. ही बैठक हरल्याच्या संध्याकाळी घेऊ नये, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरही घेऊ नये. पहिल्या दिवशी माणसे रागात असतात, महिन्यानंतर विसरलेली असतात. शेवटच्या सामन्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी, शनिवारी शाळा सुटल्यावर, दीड तासाची बैठक पुरते. शुक्रवार टाळावा हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. बैठकीला मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, एक वर्गशिक्षक, कर्णधार व त्याच्यासोबत एक राखीव खेळाडू आणि दोन पालक असावेत. राखीव खेळाडू मुद्दाम म्हणतो. बाहेर बसलेल्या मुलाने सामना जेवढा पाहिलेला असतो तेवढा आत खेळणाऱ्याने पाहिलेला नसतो. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी यावे, पण पहिला तासभर ऐकावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

चार दिवस आधी सर्वांच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर चार भाग असतात : हजेरी, दुखापती, निकाल आणि पुढील वर्ष. पहिल्या तिन्हींना वीस-वीस मिनिटे, चौथ्याला पंचवीस आणि शेवटची पाच मिनिटे ठराव वाचून दाखवायला. निकाल तिसऱ्या क्रमांकावर पाहून पुष्कळांना नवल वाटते. पण निकाल पहिला घेतला की दीड तास शेवटच्या सामन्यातच संपतो. हजेरी आणि दुखापती आधी पाहिल्या म्हणजे निकालाकडे बघण्याची नजर बदलते. ती कशी, ते आमच्याच वह्यांवरून सांगतो.

हजेरीचे कोष्टक करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की सराव ठरले किती आणि झाले किती. आमचे जुलैच्या आरंभापासून जिल्हा स्पर्धेपर्यंत 60 सराव ठरले होते. पावसाने 9 बुडाले आणि घटक चाचणी व सुट्ट्यांमुळे 5. म्हणजे प्रत्यक्षात झाले 46. मुलाची हजेरी 46 पैकी मोजायची. जो सराव झालाच नाही त्याची गैरहजेरी मुलाच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि त्या 14 बुडालेल्या दिवसांचा जाब मुलांना नव्हे तर आम्हां शिक्षकांना विचारायचा असतो. संघात 14 मुलगे होते. सर्वांची मिळून हजेरी शेकडा 76 भरली. दिसायला हा आकडा बरा आहे, परंतु सरासरी आकड्यात माणसे लपतात. म्हणून त्याच कोष्टकात दोन रकाने अधिक घालावेत.

पहिला रकाना कारणाचा. नुसते 'गै.ह.' लिहू नये. घरचे काम, आजार, अभ्यास, एस.टी., की न सांगता, यांपैकी एक खूण करावी. आमच्याकडे जुलैत हजेरी सर्वांत कमी होती, आणि त्यातील बहुतेक खुणा 'घरचे काम' अशा होत्या. कोकणात जुलै म्हणजे लावणी. ज्या मुलाच्या घरी दोन एकर भात आहे तो चार दिवस चिखलात उभा असेल, तर त्याला बेशिस्त म्हणून चालणार नाही. त्याऐवजी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एकेकट्याने करता येतील असे व्यायाम ठेवावेत आणि संघाने मिळून करावयाचे डावपेच पुढे ढकलावेत. कारण न सांगता गैरहजर राहणारे मात्र आमच्याकडे दोनच निघाले. त्यांच्याशी क्रीडाशिक्षकांनी बैठकीबाहेर स्वतंत्र बोलायचे असते. बैठकीत त्यांची नावे घ्यायची नाहीत.

दुसरा रकाना अधिक महत्त्वाचा, आणि तो शाळेच्या कोणत्याच छापील रजिस्टरात नसतो. तो म्हणजे 'शेवटपर्यंत थांबला काय?' आमचा सराव असरच्या नमाजनंतर साडेचारला सुरू होई आणि सहाला संपे. पाच मुलगे खाडीपलीकडच्या वाड्यांतून येतात. त्यांची गाडी साडेपाचला सुटते, म्हणून ते पाच वाजून वीस मिनिटांनी मैदान सोडत. रजिस्टरात ते हजर. किंबहुना त्यांची हजेरी गावातल्या मुलांपेक्षा चांगली होती. त्यांतला एक आमचा डावा कोपरारक्षक. तो 46 पैकी 40 दिवस आला. त्याच्या शेजारी उभा राहणारा डावा मध्यरक्षक 38 दिवस आला. पण शेवटपर्यंत थांबल्याचे दिवस मोजले तेव्हा पहिल्याचे 9 आणि दुसऱ्याचे 8 निघाले. तेही शनिवारचे, कारण शनिवारी सराव सकाळी असतो. हे आकडे बाजूला लिहून ठेवा. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता दुखापती. हा भाग पालकांच्या फार जवळचा, आणि बहुतेक शाळांत याचीच वही नसते. वहीत प्रत्येक दुखापतीची एक ओळ लिहावी : तारीख, कोणता अवयव, काय करताना झाली, मैदानात कुठे झाली, किती दिवस विश्रांती घेतली आणि परत कोणाच्या सांगण्यावरून आला. आमच्या वहीत हंगामभरात 9 ओळी होत्या. दोन बोटांच्या, एक गुडघ्याची, एक खांद्याची आणि पाच घोटा मुरगळल्याच्या. कबड्डीत घोटा आणि गुडघा हे अवयव सारखेच धोक्यात असतात, कारण चढाईपटू एका पायावर गर्रकन वळतो आणि त्याच क्षणी दुसरा त्याचा तोच पाय धरतो. त्यामुळे पाच ही संख्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही. पण 'कुठे' हा रकाना वाचला तेव्हा त्या पाचांपैकी तीन ओळींत एकच जागा होती : मैदानाची पूर्वेकडची बाजूरेषा. तिथे पावसाचे पाणी साचून माती खचते आणि खळगा पडतो. दोन गाड्या माती आणि पाणी जायला एक चर, एवढ्यावर निभावण्यासारखी ही गोष्ट. ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती, कारण तिन्ही मुले निरनिराळ्या आठवड्यांत पडली होती.

उरलेल्या ओळी वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. पाचांपैकी दोन घोटे एकाच मुलाचे होते. हा आमचा दुसरा चढाईपटू. 12 ऑगस्टला त्याचा पाय मुरगळला. सहा दिवसांनी, 18 तारखेला, तो मैदानात आला. 'कोणाच्या सांगण्यावरून' या रकान्यात लिहिले होते : 'स्वतः'. 3 सप्टेंबरला तोच घोटा पुन्हा मुरगळला आणि या वेळी 24 दिवस गेले. जिल्ह्याचा सामना त्यातच आला. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो, हे वैद्यकशास्त्रात पक्के माहीत आहे. सूज उतरली आणि दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे. सांध्याभोवतीचे बंध आणि तोल सांभाळण्याची शक्ती पूर्वपदावर यायला अधिक काळ लागतो. म्हणून परतण्यापूर्वी तीन साध्या परीक्षा घ्याव्यात. दुखऱ्या पायावर डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट स्थिर उभे राहता आले पाहिजे. त्याच पायावर लंगडी घालताना दुखता कामा नये. आणि धावता धावता एकदम वळताना पाय आखडता घेतला जाऊ नये. तिन्ही जमले तर सराव करावा आणि आठवडाभर सरावात टिकला तर सामना खेळावा.

इथे घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. घोटा मुरगळला की आपल्याकडे तेल लावून जोराने चोळण्याची पद्धत आहे. पहिले दोन-तीन दिवस तसे करू नका, त्याने सूज वाढते. पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवा, दिवसातून काही वेळा असे करा आणि बँडेज बांधा. मुलाला त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या बाहेर आलेल्या हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, तर घरी थांबू नका. डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा. आणि पकडीच्या झटापटीत डोक्यावर आपटून मूल गोंधळले, ओकले किंवा डोके दुखते म्हणाले, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत मैदान बंद. याला अपवाद नाही, मग सामना कितीही मोठा असो.

वहीत न आलेल्या दुखापती हा आणखी अवघड प्रश्न. संघातून वगळतील या भीतीने मुले दुखणे लपवतात. म्हणून बैठकीच्या आधी प्रत्येक खेळाडूला एक चिठ्ठी द्यावी, नाव न लिहिता भरायची. तिच्यात एकच प्रश्न : या हंगामात दुखत असताना न सांगता किती वेळा खेळलास? उत्तरे बैठकीत वाचायची ती फक्त संख्या म्हणून. मुलींच्या संघाची बैठक याच नमुन्यावर घ्यावी, परंतु चिठ्ठ्या आणि दुखापतीचा भाग शिक्षिकेनेच घ्यावा. मुली मोकळेपणाने सांगतील अशी व्यवस्था असेल तरच त्या कागदाला अर्थ आहे.

आता निकाल. किती सामने जिंकलो आणि किती हरलो एवढ्याने काही कळत नाही. आम्ही सहा खेळलो, पाच जिंकलो, एक हरलो. कागदावर प्रत्येक सामन्याचे गुण पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे वेगळे लिहावेत, आणि त्यातही चढाईचे गुण, पकडीचे गुण व लोणाचे गुण वेगळे करावेत. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. रेषेबाहेर बसलेले दोन विद्यार्थी, एक पेन्सिल आणि एक वही पुरते.

जिल्ह्याचा तो सामना असा होता. कुमार गटात वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात. मध्यंतराला आम्ही 15-13 असे पुढे होतो आणि शेवटी 24-33 असे हरलो. म्हणजे उत्तरार्धात आमचे 9 गुण आणि त्यांचे 20. आता आमचे गुण फोडून पाहू. पूर्वार्धात चढाईचे 8, पकडीचे 5 आणि एका लोणाचे 2, असे 15. उत्तरार्धात चढाईचे 8 आणि पकडीचा 1, असे 9.

जरा थांबून हे दोन आकडे पाहा. चढाईचे गुण आठ आणि आठ. ज्या मुलाने सामना घालवला असे गाव म्हणत होते, त्याच्या बाजूने काहीच घटले नव्हते. उलट दुसरा चढाईपटू घोट्यामुळे घरी बसला असल्याने उत्तरार्धातील बहुतेक चढाया यानेच केल्या होत्या आणि तरीही आठ गुण आणले होते. घटली होती ती पकड : पाचावरून एकावर. समोरच्यांचे 20 गुण फोडले तर तेच दिसते. चढाईचे 13, पकडीचे 5, लोणाचे 2. त्यांच्या चढाईच्या 13 गुणांपुढे वहीत बाजू टिपलेली होती, आणि त्यांतील 10 आमच्या डाव्या बाजूने गेलेले होते. त्यांच्या शिक्षकांनी मध्यंतरात आमची दुबळी बाजू ओळखली आणि चढाईपटूला तिकडे वळवले, इतकेच.

डाव्या बाजूला कोण उभे होते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. साडेपाचच्या गाडीचे ते दोघे. आणि सरावाचा क्रम असा होता, की आधी धावणे, मग व्यायाम, मग एकेकट्याच्या चढाया, आणि शेवटी, म्हणजे पाच पंचवीसनंतर, सातही जणांनी मिळून पकड करण्याचा डाव. कोपरारक्षकाने पाय धरायचा आणि त्याच क्षणी मध्यरक्षकाने कमरेला येऊन भिडायचे, हे दोघांचे एकच काम आहे. एक क्षण उशीर झाला की चढाईपटू दोघांनाही बाद करून मध्यरेषेला हात लावतो. हे जमते ते केवळ एकत्र सराव करून. आमचे ते दोघे चाळीस दिवस आले आणि हे काम शिकण्यासाठी मोजून आठ-नऊ दिवस मैदानात होते. दोष मुलांचा नव्हता आणि एस.टी.चाही नव्हता. सरावाचा क्रम गाडीच्या वेळेशी जुळत नव्हता.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका सामन्यावरून सिद्धांत बांधू नये. म्हणून आम्ही बाकीच्या पाच जिंकलेल्या सामन्यांच्या नोंदीही पाहिल्या. तिथेही उत्तरार्धात पकडीचे गुण कमी होत होते, फक्त समोरचा संघ दुबळा असल्याने ते खपून गेले होते. तरीसुद्धा सहा सामने म्हणजे थोडेच. यात मुले दमण्याचाही भाग असू शकेल. म्हणून आम्ही याला 'संशय' म्हटले, 'कारण' म्हटले नाही, आणि पुढच्या वर्षी तो तपासता येईल अशी व्यवस्था केली.

त्याच बैठकीला त्या चढाईपटूचे वडील पालक म्हणून बसले होते. कागदावरचे आठ आणि आठ त्यांनी दोनदा वाचले. ते म्हणाले, "सर, हा कागद मला एक द्या." तो कागद पुढे मोहल्ल्यात बराच फिरला असे मी ऐकतो. मुलगा खेळतो आहे.

आता चौथा भाग, पुढील वर्ष. बैठक बिघडते ती बहुधा इथे. पंचवीस सूचना येतात आणि पंचवीसही इतिवृत्तात जातात. माझा आग्रह असा, की ठराव तीनच घ्यावेत, आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात : काय करायचे, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाले हे कशावरून ओळखायचे. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर तो ठराव नव्हे, ती इच्छा आहे.

आमचा पहिला ठराव सरावाच्या क्रमाचा होता. पावणेपाच ते पाच वीस या वेळात सात जणांची पकड, आणि एकेकट्याची कामे त्यानंतर. अट अशी, की त्याआधीची पंधरा मिनिटे अंग मोकळे करण्यासाठीच ठेवायची, नाहीतर गार अंगाने पकडी करून दुखापती वाढतील. जबाबदारी क्रीडाशिक्षकांची. ओळखायचे असे, की डाव्या बाजूच्या दोघांचे एकत्र सरावाचे दिवस तालुका स्पर्धेपूर्वी किमान 20 भरले पाहिजेत. दुसरा ठराव दुखापतीनंतर परतण्याचा. 'कोणाच्या सांगण्यावरून' या रकान्यात यापुढे 'स्वतः' हा शब्द चालणार नाही. तिथे शिक्षकांची सही आणि, चार दिवसांहून अधिक विश्रांती लागली असेल तर, पालकांची सही हवी. तिसरा पूर्वेकडच्या रेषेचा. माती आणि चर मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या आधी. हे काम दोन पालकांनी आपणहून अंगावर घेतले, आणि त्यांतील एकाचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ज्या सूचना घेतल्या नाहीत त्याही लिहून ठेवाव्यात. नवे गणवेश आणि मॅटचे मैदान या दोन सूचना आल्या होत्या. मॅट हवीच आहे, कारण वरच्या स्पर्धा मॅटवर होतात आणि मातीवरचा मुलगा तिथे घसरतो. पण पैसे नाहीत तोवर तो ठराव नको, म्हणून 'पुढे' या शीर्षकाखाली ती नोंद राहिली. गणवेशाची सूचना कोणाची होती ते सांगत नाही.

एक ओळ दिनदर्शिकेसाठीही ठेवावी. आपला हंगाम जुलैपासून असतो, त्यामुळे हल्ली रमजानचा आणि त्याचा संबंध येत नाही. परंतु रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 साली तो जानेवारीत येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. विभाग आणि राज्य पातळीपर्यंत मजल मारणाऱ्या संघाला त्यानंतर काही वर्षे रोजे आणि सामने एकत्र सांभाळावे लागण्याचा संभव आहे. आज सातवीत असलेल्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटच्या पाच मिनिटांत ठराव मोठ्याने वाचायचे, सह्या घ्यायच्या आणि एक प्रत सूचनाफलकावर लावायची. तपासणीची पहिली तारीखही तिथेच ठरते. आमची 31 जुलै ठरली आहे. त्या दिवशी हजेरीच्या वहीतील 'शेवटपर्यंत थांबला काय?' हा रकाना कर्णधार आणि तो राखीव खेळाडू मिळून मोजतील आणि आकडा फलकावर लिहितील.